डब्याएवढं कंडेन्स्ड मिल्क, घरच्या घरी

सोलापुरात बिनअंड्याचा केक पुष्कळ घरांत होतो आणि त्याच्या वहीत उतरवलेल्या कृतीत पहिलंच माप असतं, ‘कंडेन्स्ड मिल्क, एक डबा’. या जुन्या कृतींतला डबा 400 ग्रॅमचा. त्यात साखर साधारण 175 ग्रॅम, दुधाची चरबी 35 ग्रॅमच्या आसपास आणि पाणी जेमतेम पाव भाग. पुढची मापं हाच हिशेब धरून दिली आहेत, म्हणजे केकच्या कृतीत दुसरं काही बदलावं लागत नाही.

साहित्य: स्किम्ड मिल्क पावडर 90 ग्रॅम, साखर 175 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 45 ग्रॅम, पाणी 95 मिली.

पावडर वाटीने मोजू नका. कुठली हलकी आणि भुरभुरीत असते, कुठली दाट, त्यामुळे त्याच वाटीत वजन बरंच बदलतं. काटा नसेल तर 200 ग्रॅमची पुडी आणा आणि त्यातली निम्म्याहून किंचित कमी घ्या.

पुडीवर काय लिहिलंय ते मात्र वाचा. किराणा दुकानात ‘दूध पावडर’ मागितली की बहुधा चहासाठीचं डेअरी व्हाइटनर हातात येतं. त्यात चरबी असते आणि साखरही. समजा, लेबलवर 100 ग्रॅममागे साखर 18 ग्रॅम आणि फॅट 20 ग्रॅम आहे. मग हे व्हाइटनर 150 ग्रॅम लागेल. त्यातून साखर 27 ग्रॅम येते, म्हणून वरची साखर 150 ग्रॅमच घ्यायची. चरबीही 30 ग्रॅम येते, म्हणून बटर दीड-दोन चहाचे चमचे पुरे. पाणी तेवढंच. हा हिशेब न करता 45 ग्रॅम बटर घातलं, तर मिश्रण तेलकट होतं.

ब्रेडला लावायचं पिवळं बटर खारट असतं आणि खारटपणा कुल्फीत तर लगेच कळतो. घरचं पांढरं लोणी चालतं, पण ते गार पाण्याने पाणी नितळ येईपर्यंत धुवा. त्यात ताक राहिलं तर आंबट वास येतो आणि गरम करताना दूध फाटू शकतं.

कृती: आधी साखर मिक्सरमध्ये बारीक दळा. तिच्यातच पावडर घालून दोनदा फिरवा. पावडरीचे कण साखरेत विखुरले की गुठळ्या होत नाहीत. एका जाड बुडाच्या पातेल्याचं रिकामं वजन करून लिहून ठेवा. त्याच पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि बटर घालून विरघळू द्या. दोन-तीन मिनिटांनी, वाफ ओसरली की हे पाणी मिक्सरच्या भांड्यात ओता. झाकण गच्च बंद करून गरम पदार्थ फिरवू नका, वाफेने झाकण उडतं. मधलं छोटं टोपण काढून त्यावर फडकं धरा. थांबत थांबत दोन मिनिटं फिरवा. चरबी बारीक कणांत मोडून दुधात धरून राहते ती इथेच.

मिश्रण परत पातेल्यात काढून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं कालथ्याने ढवळा. उकळू देऊ नका, बुडाला लागतं आणि रंग तपकिरी होतो. थेंबभर मिश्रण जरा निवलं की दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर साखर अजून विरघळायची आहे. मग वजन करा. पातेलं 310 ग्रॅमचं असेल, तर काटा 710 दाखवायला हवा. जास्त भरलं तर आणखी थोडं आटवा, कमी भरलं तर तेवढं गरम पाणी घाला.

या वेळी मिश्रण बासुंदीइतकंच दाट दिसतं. घाबरून आणखी पावडर घालू नका. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलं की चमच्यावरून सलग धार पडते.

वर पिवळे थेंब तरंगले तर चरबी सुटली आहे. कोमट करून पुन्हा मिक्सरमधून काढा. चार-पाच दिवसांनी जिभेला वाळूसारखं लागतं, ते दुधातल्या साखरेचे खडे. मिश्रण सावकाश निवलं की ते मोठे होतात, म्हणून पातेलं गार पाण्यात ठेवून ढवळत निववा. एप्रिल-मेमध्ये इथे टाकीचं पाणीच गरम येतं, तेव्हा पाण्यात बर्फ टाका.

डब्यातलं दूध हवाबंद असतं, हे नसतं. उकळून कोरड्या केलेल्या बरणीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. बटरमुळे ते फ्रीजमध्ये घट्ट बसतं, तेव्हा केकच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.