सहा हजारांची वाटणी

हे बघ, भाच्या, महिन्याला तुझ्या हाती 6,000 रुपये उरतात. डोक्यावर क्रेडिट कार्डाचे 36,000 आहेत, मोटरसायकलचा हप्ता चालू आहे आणि बँकेत जेमतेम 4,000. तू विचारतोस, आधी कर्ज फेडू की पैसे साठवू? मी उलट विचारतो, कोणतं कर्ज?

कार्डाच्या स्टेटमेंटवर बारीक अक्षरात व्याजाचा दर असतो. तुझ्या कार्डाचा महिन्याला साडेतीन टक्के आहे. 36,000 वर 1,260 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 1,490. 'किमान देय रक्कम' भरून तू निर्धास्त होतोस, पण त्यातले बहुतेक पैसे व्याजातच जिरतात. शिवाय मागची बाकी असली की नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजाला लागते. म्हणून बाकी फिटेपर्यंत कार्ड कपाटात.

तरी सगळे 6,000 लगेच तिकडे ओतू नकोस. दवाखान्यात अनामत मागितली किंवा रात्री गावाला निघावं लागलं, की पुन्हा कार्डच घासशील. भरलेल्या पैशाने कार्डाची मर्यादा मोकळी होते खरी, पण घरमालक कार्ड घेत नाही, आणि कार्डावर रोकड काढलीस तर वेगळं शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज. म्हणून पहिले दोन महिने 3,000 बँकेत, 3,000 कार्डावर. बँकेत 10,000 झाले की थांब. तिसऱ्या महिन्यापासून सगळे 6,000 कार्डावर. नवव्या महिन्याच्या आसपास बाकी शून्य होते. मध्येच 10,000 ना हात लागला, तर आधी ते भरून काढ, मग पुन्हा कार्ड.

मोटरसायकलच्या कर्जाची घाई नको. तिथे व्याज वर्षाला 12 टक्के, आणि भरलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही. मुदतीआधी फेडायला दंड आहे का, तेही करारात बघ. हप्ता मात्र चुकवू नकोस. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेला की दोन्हीकडून दंड बसतो आणि सिबिलवर डाग राहतो.

तुझ्या आईच्या पाटल्या गहाण असत्या, तर मी वेगळं सांगितलं असतं. सोनं सुटलं की ते पुन्हा ठेवता येतं, तोच आणीबाणीचा साठा. अशा वेळी कार्डानंतर आधी सोनं सोडवायचं.

कार्ड फिटलं की तेच 6,000 साठवायला लाग. तुझा न टळणारा खर्च, भाडं, किराणा, हप्ता धरून, 18,000. तिप्पट म्हणजे 54,000 होईपर्यंत चालू दे, साधारण आठ महिने लागतील. पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेव, त्याला यूपीआय जोडू नकोस. आणि जास्त व्याजाच्या मोहाने पतपेढीत नको टाकूस. तिथल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमासंरक्षण नसतं.