एका स्टारची किंमत

मी वालचंदनगरचा. वडील तिथल्या कंपनीतून रिटायर झाले. मी रोज संध्याकाळी गाडी काढतो, बारामतीला जातो आणि रात्री अकरापर्यंत जेवणाच्या ऑर्डरी पोहोचवतो. ॲपचं नाव लिहीत नाही, त्याच ॲपवर अजून पोट आहे. पण एका रात्रीचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

8 वाजून 17 मिनिटांनी मी हॉटेलात पोहोचलो. पार्सल हातात पडलं 8:41 ला, म्हणजे चोवीस मिनिटं मी काउंटरपाशी ताटकळलो. ॲपवरची पिन भिगवण चौकाजवळची होती. तिथे 8:50 ला पोहोचलो आणि ग्राहकाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा आवाज आला, "मी सूर्यनगरीत आहे, इकडेच या." म्हणजे एमआयडीसीकडे, पिनपासून चांगलंच लांब. मी म्हणालो, "साहेब, ॲपमध्ये पत्ता बदलून घ्या, लगेच येतो." त्यावर उत्तर आलं, "ते तुमचं काम आहे." डबा थंड होत होता, म्हणून गेलो. 9:09 ला दारात उभा राहिलो. त्यांनी पिशवी ओढून घेतली, घड्याळ दाखवलं आणि दार लावलं. मी एकही वावगा शब्द बोललो नव्हतो.

सकाळी ॲप उघडलं तर एक स्टार, आणि कारणांत ‘उशीर’ आणि ‘वागणूक’.

खातं नवं होतं, तोवर मला सातच जणांनी रेटिंग दिलं होतं, सगळे पाच. त्यात हा एक आला आणि सरासरी थेट 4.5 वर आली. आमच्याकडे 4.7 च्या खाली गेलं की रात्रीचे चांगले स्लॉट इतरांनी उचलल्यावर उरलेले मिळतात, वर ‘सुधारणा न झाल्यास खातं बंद होऊ शकतं’ असा मेसेज येतो. परत 4.7 गाठायला आणखी सहा जणांनी पाच स्टार द्यायला हवे होते. आणि माझ्या अनुभवात पाचातला एखादाच रेटिंग देतो, म्हणजे तीसेक ऑर्डरी. खूश झालेला माणूस दार लावून जेवायला बसतो, चिडलेला आधी फोन हातात घेतो. हिशोब कळला तेव्हा मी गाडीवर बसूनच राहिलो.

तक्रार केली. पहिल्यांदा मी रागाने लांबलचक लिहिलं, तो माणूस कसा बोलला, मी किती लांबून येतो, सगळं. काही मिनिटांत ठरलेलं उत्तर आलं, ‘ग्राहकाचं मत बदलता येत नाही’, आणि तिकीट बंद. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा माणसाबद्दल काहीच लिहिलं नाही, फक्त ऑर्डर नंबर आणि वेळा लिहिल्या: हॉटेलात पोहोचलो 8:17, पार्सल 8:41, पिनवर 8:50, फोन 8:51 आणि 8:54, दारात 9:09. सोबत कॉल लॉगचा फोटो. खाली एकच मागणी: पिन आणि खरा पत्ता वेगळा होता, हे तुमच्या जीपीएसवर तपासा आणि हे रेटिंग सरासरीतून काढा. ते तिकीट आठवडाभर उघडं राहिलं, तेवढे दिवस मला दुपारचे रिकामे स्लॉट. शेवटी उशिराचा शेरा काढला, पण ‘वागणूक’ तशीच राहिली. वागणुकीचा पुरावा मी कुठून आणणार? दारात आम्ही दोघंच होतो.

म्हणून नव्या पोरांना सांगतो. पिनवर पोहोचलात की ‘पोहोचलो’ तिथेच दाबा, खऱ्या पत्त्यावर जाऊन नाही, कारण मशीन पिनपासूनचं अंतर बघतं. फोन करा तो ॲपमधूनच, म्हणजे त्याची नोंद तिकडेही राहते. पत्ता वेगळा निघाला तर पुढे निघण्याआधी सपोर्टला चॅटवर कळवा. मी नेमकं हेच केलं नाही. आणि पिन व पत्ता दिसतोय तोवर स्क्रीनशॉट घ्या, डिलिव्हरी झाली की माझ्या ॲपवरून दोन्ही गायब होतात. हॉटेलने उशीर केला तर हॉटेलातूनच कळवा, नंतर कोणी विचारत नाही. डोकं शांत ठेवा. आणि रेटिंगला उपयोग नसला तरी ई-श्रमची नोंदणी करून ठेवा.

आमच्यासारख्यांसाठी कर्नाटकाने 2025 मध्ये कायदा केला. तिथे कंपनीला कामगाराला काढायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागतं आणि 14 दिवस आधी नोटीस. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमचं नाव आलं, पण ती विमा आणि निधीसारख्या लाभांची गोष्ट करते, एका स्टारवर दाद कुठे मागायची हे सांगत नाही. मी तीन तिकिटं लिहिली, तिन्हींवर उत्तर देणाऱ्याचं नाव नव्हतं.

परवा सूर्यनगरीची ऑर्डर आली. पिनवर थांबलो, ‘पोहोचलो’ दाबलं, स्क्रीनशॉट घेतला आणि मगच फोन लावला.