गुण की गरज?

प्रश्न : वडील चाकणला कंपनीत, मुलाला गुण चांगले. शिष्यवृत्ती कशावर मिळेल?

उत्तर : दोन्हींवर. अभियांत्रिकीच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत गुणांची चाळणी कॅप प्रवेशातच होते. पुढे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागते. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हवा. पगारदारांची अडचण इथेच येते. हातात पडणारा पगार नव्हे, ओव्हरटाइम-बोनससह एकूण उत्पन्न मोजतात. दरमहा ६२,००० म्हणजे ७.४४ लाख, त्यात ६०,००० ओव्हरटाइम आला की ८.०४. चार हजारांसाठी सवलत जाते, हा आक्षेप रास्तच. पण मर्यादा कुठेतरी आखावीच लागते. म्हणून अर्जाआधी फॉर्म १६ तपासा. नूतनीकरण आपोआप होत नाही. महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, हजेरी आणि परीक्षाही पाहतात.