पैसे लेन्ससाठी राखून ठेव

अरे, कॅमेरा घेऊ का चांगला फोनच पुरेल, हे तू मला विचारलंस. पण त्याचं निम्मं उत्तर तुझ्याच फोनमध्ये पडलेलं आहे. एखाद्या संध्याकाळी जुने फोटो उघडून बस. मुंज, बारसं, ताईचं लग्न, गणपती, कोकणातली सहल, सगळं. जे फोटो तुला फसलेले वाटतात त्यांच्यावर बोट वरच्या दिशेने सरकव, की खाली त्या फोटोची कुंडली उघडते: कोणत्या लेन्सने काढला, आयएसओ किती, शटर किती. त्यातला शटरचा आकडा वाच. उन्हातल्या फोटोला १/१००० किंवा त्याहून जलद काहीतरी दिसेल. कार्यालयातल्या फोटोला १/५० किंवा १/२५ दिसेल, आणि घास भरवणाऱ्या हाताची तिथे धुरकट रेघ झालेली असेल.

आता फसलेल्या फोटोंचे दोन ढीग कर. एकात हललेले, घरातले किंवा हॉलमधले, लांबून झूम करून काढलेले. दुसऱ्यात बाकीचे सगळे: तिरके, डोळे मिटलेले, मध्येच कुणाचं डोकं आलेले, सूर्य पाठीमागे असल्यामुळे चेहरे काळे पडलेले. दुसरा ढीग मोठा निघाला तर कॅमेऱ्याचा विषय तिथेच सोड. डोकं मध्ये आलेला फोटो लाखाच्या कॅमेऱ्यानेही तसाच येतो. पहिला ढीग मोठा निघाला तरच पुढचं वाच.

हॉलमध्ये फोनचं नेमकं काय होतं ते समजून घे. कार्यालयातला प्रकाश आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतो, पण बाहेरच्या उन्हापुढे तो शेकडो पटींनी कमी असतो. फोन त्यावर दोन उपाय करतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि पाठोपाठ अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. देवघर, रुखवत, रांगोळी अशा हलत नसलेल्या गोष्टींना हा उपाय फारच छान लागू पडतो. तिथे महागड्या कॅमेऱ्यालाही फोन हार जात नाही. माणूस हलला की मात्र ते अनेक फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. मग फोन ती जागा घासूनपुसून गुळगुळीत करतो. ओळखायचं कसं? फोटो मोठा करून पैठणीचा काठ आणि कानामागचे केस बघ. जरीचे मोर रंगाच्या डागांसारखे दिसले आणि गाल मेणाचे वाटले, तर प्रकाश कमी पडला होता असं समज.

झूमची गोष्ट आणखी गमतीची आहे. संध्याकाळी घरातल्या दिव्यांत तीन-चार मीटरवरच्या माणसावर फोन रोख, त्यात ३ किंवा ५ पटीचा जो काही झूम असेल तो लाव, आणि मागे त्या झूमच्या लेन्सवर बोट ठेव. पडद्यावरचं चित्र काळं झालं तर ती लेन्स खरंच काम करते आहे. चित्र जसंच्या तसं राहिलं तर फोनने ती लेन्स गुपचूप बाजूला ठेवून मुख्य लेन्सचाच मधला तुकडा कापून मोठा केला आहे. कमी उजेडात बरेच फोन असंच करतात, कारण झूमच्या लेन्समागचा सेन्सर लहान असतो. फोन घ्यायचा ठरवलास तर दुकानदाराला थोडे दिवे मालवायला लावून ही परीक्षा तिथेच घे. तो चक्रावून बघेल, बघू दे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. इथे लोक हमखास एका ठिकाणी अडकतात. मिररलेस कॅमेरा बहुतेक वेळा किट लेन्ससकट विकतात, आणि पैसे तिथेच संपतात. त्या लेन्सवर १८-५५ किंवा १६-५० आणि पुढे ३.५-५.६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा शेवटचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. चांगल्या फोनच्या मुख्य लेन्सचा हा आकडा १.८ च्या आसपास असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनच्या सेन्सरच्या साधारण पाचपट मोठा धरला, तरी किट लेन्स ३.५ ला फोनच्या लेन्सच्या चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त प्रकाश आत सोडते. म्हणजे रुंद फोटोत हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो, आणि फोन वर अनेक फोटो जोडण्याची करामत करतोच. मग लोक म्हणतात, एवढा खर्च केला आणि घरातले फोटो फोनसारखेच येतात. बरोबरच आहे, तसेच येणार.

म्हणून माझा खरा कानमंत्र एवढाच: बॉडी साधी घे, पैसे लेन्ससाठी राखून ठेव. कॅननची आर५०, निकॉनची झेड५०, सोनीची ए६४०० यांपैकी कुठलीही बॉडी तुझ्या कामाला पुरेल. तिच्याबरोबर एफ/१.८ ची एखादी फिक्स लेन्स घे. तिला झूम नसतो, म्हणून ती लहान, हलकी आणि त्या मानाने स्वस्त असते. लेन्स घेताना ती त्याच बॉडीच्या माउंटची आहे आणि ऑटोफोकस करते याची खात्री कर.

अंतरपाट दूर होतो तो क्षण घेऊ. मंगलाष्टकं चालली आहेत, स्टेजवर भाड्याचे फोटोग्राफर उभे आहेत (त्यांच्या मध्ये जाऊ नकोस, त्यांचं पोट त्यावर आहे), आणि तुझ्या वाट्याला सुमारे ५ मीटरवरची जागा आली आहे. अंतरपाट खाली गेला की दोघांचे चेहरे, हार घालणारे हात, अक्षता, सगळं एकदम हलतं. हात स्पष्ट हवे असतील तर शटर १/२५० तरी लागेल. अक्षतांच्या बारीक रेघा तेव्हाही येतील. त्या मला आवडतात, तुला नको असतील तर १/५०० कर. किट लेन्स ५५ वर नेलीस की तिचं भोक ५.६ च्या पुढे उघडत नाही, आणि बऱ्याच हॉलमध्ये १/२५० साठी कॅमेऱ्याला आयएसओ १२८०० च्या घरात न्यावा लागतो. फोटो येतो, पण दाणेदार, रंग उडालेला. त्याच जागेवरून ५० मिलीमीटरची एफ/१.८ लेन्स लावलीस तर आत येणारा प्रकाश जवळजवळ दहापट होतो, आणि तोच फोटो आयएसओ १२५० च्या आसपास मिळतो. रोलच्या काळात ४०० चा रोल आणि फ्लॅश यांवर लग्नं काढणाऱ्या माझ्यासारखीला हे अजूनही नवलाचं वाटतं. डायल M वर ठेव, शटर १/२५०, अपर्चर १.८, आयएसओ ऑटो. मग कशाला हात लावू नकोस, फक्त चेहऱ्यांकडे बघ.

उभं कुठे राहायचं तेही आधी ठरव. अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला उभा राहा. तिथून पडद्याची नुसती कड दिसते, दोघांपैकी कुणी झाकलं जात नाही, आणि दोघं तुझ्यापासून सारख्याच अंतरावर येतात. हे अंतर महत्त्वाचं, कारण भोक मोठं केलं की फोटोत स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद होते. ५० च्या लेन्सने १.८ ला, ५ मीटरवर ही पट्टी जेमतेम ७० सेंटिमीटर असते, दोघांना पुरते. २ मीटरवर गेलास की ती ११ सेंटिमीटरवर येते. तिथे नवरी स्पष्ट आणि शेजारची करवली धूसर, असे फोटो येतात, आणि करवली ते वर्षभर विसरत नाही. जवळून दोघांचा फोटो हवा असेल तर अपर्चर ४ कर.

कॅमेऱ्यात आवाज न करणारं शटर असतं. विधी चालू असताना ते वापरण्याचा मोह होतो, पण स्टेजवर एलईडी दिवे असतील तर आवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण मूक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे फोटोत आडवे गडद पट्टे उमटतात. साधं, टकटक करणारं शटर लाव आणि मेन्यूत फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू ठेव. पहिल्या दोन-चार फोटोंतच पट्टे आहेत का ते बघ. नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

ग्रुप फोटोला मात्र खुशाल फोन काढ. फक्त ०.५ किंवा ०.६ ची रुंद लेन्स लावू नकोस, ती कडेच्या माणसांना आडवं ताणते. कडेला नेमक्या आत्याच उभ्या असतात. चार पावलं मागे जा आणि १ किंवा २ वर काढ.

प्रवासाचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे फारसा वाद नाही. दिवसाउजेडी रायगड असो की हंपी, फोन पुरतो, आणि खिशात असल्यामुळे तो निघतोही पटकन. कॅमेरा लागतो तो मुख्यतः लांबच्या प्राण्यापक्ष्यांसाठी. ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेताच येत नाही, पण तिथे ५० ची लेन्सही कामाची नाही. ३०० मिलीमीटरपर्यंत जाणारी लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आण.

कोकणात कॅमेरा नेलास तर दोन पथ्यं पाळ. गार गाडीतून उतरल्या उतरल्या पिशवी उघडू नकोस, काचेवर दव धरतं. अर्धा तास ती बंदच राहू दे. आणि पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नकोस. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी वाढते. दिव्यासमोर धरून काचेतून पाहिलंस तर कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसतात. एकदा ते दिसले की साफसफाईचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा होतो. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आण, त्यात सिलिका जेल टाक, आणि त्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापर. खरं सांगू, हे पथ्य दर पावसाळ्यात पाळायचा कंटाळा येणार असेल तर फोनच घे.

तरीही काही ठरत नसेल तर घरातलं पुढचं कार्य येऊ दे. बॉडी आणि एफ/१.८ ची लेन्स दोन दिवस भाड्याने घे. पुण्या-मुंबईत ती सहज मिळते. आदल्या दिवशी घरातल्याच दिव्यांत पोरांना पळवून सराव कर. कार्याच्या दिवशी तोच प्रसंग फोनवरही काढ, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून पैठणीचा काठ मोठा करून बघ. फरक तुला स्वतःला, कुणी न सांगता दिसला तर कॅमेरा घे. आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकशील तेव्हा डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करेल आणि सगळे विचारतील, यात नवीन काय आहे?