हवा होता त्रिकोण, आली सरळ रेघ

डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला इंटिग्रेटर बसवला की कुणीतरी हमखास ओरडतं, "सर, आयसी गेला!" एका बॅचमधल्या मुलीनं तर सॉकेटमधला ७४१ दोनदा बदलला. १० किलोओहमचा इनपुट रेझिस्टर, फीडबॅकमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ±१५ व्होल्टचा सप्लाय. जोडणी अगदी पुस्तकातल्यासारखी. इनपुटला १ किलोहर्ट्झची, ±१ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह होती. सीआरओवर मात्र मधोमध एक सपाट रेघ.

सरांनी आयसीला हात लावला नाही. सीआरओचं बटण त्यांनी एसीवरून डीसीवर घेतलं. रेघ टुणकन वर गेली आणि १३ व्होल्टच्या आसपास जाऊन चिकटली. आयसी धडधाकट होता, आउटपुट सॅच्युरेट झालं होतं. एसी कपलिंग स्थिर व्होल्टेज दाखवतच नाही, म्हणून तर बिघाड लपून राहिला.

हे व्होल्टेज चढलं कुठून? ७४१ च्या इनपुटमध्ये १-२ मिलिव्होल्टचा ऑफसेट असतोच. इंटिग्रेटरला तो खऱ्या सिग्नलइतकाच खरा. इथे आरसी १ मिलिसेकंद आहे, म्हणजे २ मिलिव्होल्टमुळे आउटपुट दर सेकंदाला २ व्होल्ट सरकतं आणि सहा-सात सेकंदांत टोक गाठतं. बायस करंटची भर वेगळीच. कपॅसिटर डीसीला वाट देत नसल्यामुळे हे साठणं थांबवणारं सर्किटमध्ये काहीच नसतं.

कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला, की ती वाट मिळते. डीसी गेन १० वर थांबतो आणि २ मिलिव्होल्टच्या ऑफसेटचे आउटपुटला जेमतेम २२ मिलिव्होल्ट होतात. त्या मुलीनं तो लावताच सुबक त्रिकोण उमटला. उंचीही हिशोबात बसणारी: अर्धं आवर्तन ०.५ मिलिसेकंद, उतार सेकंदाला १००० व्होल्ट, म्हणून टोकापासून टोकापर्यंत ०.५ व्होल्ट. इनपुट धन असताना आउटपुट उतरतं, हेही तिनं दोन्ही चॅनेल लावून पाहिलं.

पण या रेझिस्टरची किंमत मोजावी लागते. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची कॉर्नर फ्रिक्वेन्सी साधारण १६ हर्ट्झ येते. तिच्या निदान दसपट वर, म्हणजे १६० हर्ट्झच्या पुढे, इंटिग्रेशन भरवशाचं. २० हर्ट्झला त्रिकोणाच्या बाजू वाकतात. १ हर्ट्झला तर त्रिकोण उरतच नाही. गोलसर कडांची, उलटी, ±१० व्होल्टची स्क्वेअर वेव्ह दिसते, कारण तिथे सर्किट निव्वळ दहापट ॲम्प्लिफायर झालेलं असतं. रेझिस्टर १ मेगओहमचा घेतला तर कॉर्नर फ्रिक्वेन्सी १.६ हर्ट्झवर उतरते, पण डीसी गेन १०० होतो आणि ऑफसेट पुन्हा डोकं वर काढतो.

एवढं करूनही त्रिकोण वर किंवा खाली सरकलेला दिसला, तर आधी फंक्शन जनरेटरचा डीसी ऑफसेट नॉब तपासावा. तो ५० मिलिव्होल्टनं जरी चुकला असला, तरी आउटपुट अर्ध्या व्होल्टनं सरकतं, म्हणजे त्रिकोणाच्या पूर्ण उंचीइतकं.