जाहिरातीतील विद्यावेतन आणि हाती आलेले पत्र

जाहिरातीत दरमहा 8,000 ते 10,000 रुपये विद्यावेतन आणि निवडपत्रात मात्र 7,000, असे झाल्यास ही रक्कम कोण ठरवितो, हे उमेदवाराने प्रथम पाहावे. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीस 6,000, आयटीआय वा पदविकेस 8,000 आणि पदवीस 10,000 रुपये शासनानेच निश्चित केले. अशा ठिकाणी घासाघिशीस वाव नाही. वर्गवारी चुकली असल्यास प्रमाणपत्र जोडून दुरुस्ती मागावी, एवढेच.

एखाद्या संस्थेच्या सर्वेक्षणात मात्र बोलता येते. समजा, अहेरीच्या पदवीधर युवतीस भामरागड भागात असे काम मिळाले. तिने रुजू होण्यापूर्वीच लिहावे : “निवडीबद्दल आभारी आहे. जाहिरातीत किमान 8,000 रुपये नमूद असून पत्रात 7,000 आहेत. फरकाचे कारण कळावे व किमान रक्कम तरी मिळावी, ही विनंती.” संस्थेने स्वतःच छापलेला आकडा नाकारणे तिला अवघड जाते, थेट 10,000 मागितल्यास ही सोय राहत नाही.

विद्यावेतन वाढत नसेल, तर प्रवासखर्च वेगळा मागावा. महिलांना मार्च 2023 पासून एस.टी.त निम्मे भाडे पडते. तेव्हा मागणी प्रत्यक्ष तिकिटाचीच असावी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. अशा वेळी अडकून पडल्यास मुक्कामाचा खर्च कोणी द्यावयाचा, हेही त्याच पत्रात विचारून लेखी उत्तर घ्यावे.