शिफारसपत्रातलं ‘हुशार आणि कष्टाळू’

‘सदर विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू, नम्र व शिस्तप्रिय आहे.’ शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेल्या शिफारसपत्रात हे वाक्य हमखास असतं. ते खोटं नसतं, पण निवड समितीच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. म्हणून मसुदा लिहून झाला की विद्यार्थिनीच्या नावाऐवजी वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घालून तो एकदा वाचा. तरीही जी वाक्यं चपखल बसतील, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा.

आता प्रत्येक रेघेपाशी थांबून आठवा, हे आपण नेमकं कधी पाहिलं? आठवत नसेल तर प्रॅक्टिकलची जर्नलं, प्रकल्पवही, तपासलेल्या उत्तरपत्रिका काढा. विद्यार्थिनीकडूनही तिने केलेल्या कामांचं टिपण मागवा. पत्र मात्र तिच्याकडून लिहून घेऊ नका. ती स्वतःबद्दल पुन्हा ‘कष्टाळू’च लिहील.

समजा, अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी ‘चिकाटी’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे. जर्नल उघडल्यावर त्यांना लंबकाचा प्रयोग आठवतो. मग वाक्य असं होतं: ‘साध्या लंबकाच्या प्रयोगात तिला गुरुत्व त्वरणाचं मूल्य 9.56 मिळालं. पुस्तकातल्या 9.8 कडे पाहून आकडे जुळवून घेणं सोपं होतं. तिने मापं पुन्हा घेतली. लांबी फक्त दोऱ्याची, 80 सेंटिमीटर धरली होती. आकडी आणि गोळ्याची त्रिज्या मिळून 2 सेंटिमीटर राहून गेले होते. जुनी नोंद न खोडता तिने खाली चूक कशामुळे झाली ते लिहिलं.’ आता ‘चिकाटी’ आणि ‘प्रामाणिक’ हे दोन्ही शब्द खुशाल काढून टाका.

असा एक प्रसंग नीट सांगितला, फार तर दोन, की पुरे. पाच-सहा प्रसंग कोंबले तर पुन्हा यादीच होते. आणि प्रसंगात शिक्षकाचं कौतुक शिरत नाही ना, तेही बघा. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द बहुधा सहज गाळता येतात.

टक्केवारी गुणपत्रिकेत असतेच, ती पत्रात पुन्हा नको. ‘वर्गातल्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ लिहायचं असेल तर किती जणांत आणि कशात, ते सांगा. ‘यंदाच्या 80 जणांत प्रयोगाच्या नोंदी इतक्या चोख ठेवणारे दोघेच’ असं, अर्थात खरं असेल तरच.

घरची परिस्थिती ही नाजूक जागा. उत्पन्नाचा दाखला अर्जासोबत जातो, त्यामुळे ‘अत्यंत गरीब’ लिहून नवं काही कळत नाही. शेतातल्या कामामुळे तिचे तास बुडले आणि तिने ते कसे भरून काढले, हे तुम्ही पाहिलं असेल तर लिहा. पण आधी तिची परवानगी घ्या.

शेवटी शिष्यवृत्तीचं माहितीपत्रक शेजारी ठेवून पत्र वाचा. त्यात समाजकार्याला महत्त्व असेल आणि तुम्ही तिला फक्त प्रयोगशाळेत पाहिलं असेल, तर तो भाग एनएसएसच्या शिक्षकांना लिहू द्या. तुम्ही तिला किती वर्षं आणि कोणता विषय शिकवला, हे पहिल्याच ओळीत आलंय का, तेवढं तपासा आणि सही करा.